आनंदाच्या ढगाची चाल: गाण्याचं कोडं अक्षराअक्षराने कसं फोडायचं

बेळगावात आमच्या गल्लीच्या गणपतीत मंडपाच्या खांबाला एक फळा टांगलेला असतो. संध्याकाळच्या आरतीनंतर त्यावर रोज एक कोडं लिहिलं जातं आणि उत्तर नेहमी एखाद्या मराठी गाण्याचं नाव असतं. रात्री दहाच्या आत चिठ्ठी डब्यात टाकायची. कोडं सरळ नसतं. त्यात शब्दांची फोड असते, काळाच्या खुणा असतात आणि शेवटी कंसात अक्षरांची संख्या असते. मी ही कोडी बरीच वर्षं सोडवतोय, अधूनमधून घालतोही. गाणी भरपूर पाठ असलेली माणसं इथे अडकतात आणि थोडी गाणी माहीत असलेली पण नीट बसून फोड करणारी माणसं सुटतात, हे मी पुन्हापुन्हा पाहिलंय. म्हणून एक कोडं घेऊन ती फोड पहिल्यापासून शेवटपर्यंत लिहून काढतो.

फळ्यावर हे होतं:

"रिषभाला लागून मैफलीतली ज्योत, ज्योतीला लागून गावाकडचा चहा, पुन्हा रिषभ, मग जुन्या वळणाचा अर्धा घास, शेवटी निषाद. पानशेत फुटलं होतं, कोयना हादरायची होती, आपण म्हैसुरात होतो; आनंदाच्या ढगाने चाल दिली आणि आपल्या मुलखाची सुई गाण्यात आली. (४, ३)"

आधी कोडं हाताने उतरवून घ्या

मोबाइलवर फोटो काढून कोडं घरी नेणारे बरेच असतात. माझा अनुभव असा की हाताने उतरवलं तरच त्यातले सांधे दिसतात. एक ओळ सोडून एक लिहा, म्हणजे प्रत्येक शब्दाखाली काहीतरी लिहायला जागा राहते. खाली चौकोन काढा: चार चौकोन, थोडी मोकळी जागा, मग तीन चौकोन. कंसातल्या आकड्यांचा अर्थ एवढाच, की पहिला शब्द चार अक्षरांचा आणि दुसरा तीन अक्षरांचा.

अक्षर म्हणजे काय, ते इथे पक्कं करून घ्यायला हवं. मराठीत इंग्रजीसारखी सुटी वर्णाक्षरं मोजून चालत नाही. काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार हे अक्षरातच धरायचे. जोडाक्षर एकच मोजायचं. 'च्या' एक अक्षर, 'क्र' एक अक्षर, 'घां' एक अक्षर. एखादा शब्द उलटा करायचा असेल तरी अक्षरं अखंड ठेवूनच करायचा, म्हणजे 'राजा' उलटा केला की 'जारा' होतो, काना जागचा हलत नाही. आमच्याकडे हाच रिवाज आहे आणि तो सोडून कोडं घातलं तर लोक हरकत घेतात.

गाण्याच्या कोड्यात कंस आणखी एक गोष्ट सांगतो. मराठी गाण्याला सहसा वेगळं नाव नसतं, पहिली ओळ हेच त्याचं नाव. ओळ लांब असते, मग नाव कुठे थांबतं? कंस सांगतो तिथे. (४, ३) म्हणजे ओळीचे फक्त पहिले दोन शब्द. हे ध्यानात नसलं की माणूस अख्खी ओळ सात अक्षरांत कोंबायला बघतो आणि बरोबर गाणं हातात असूनही सोडून देतो.

सांधा शोधा

नीट घातलेल्या प्रत्येक कोड्याचे दोन भाग असतात. एका भागात शब्दाचे तुकडे असतात, दुसऱ्यात गाण्याची ओळख. वाचताना वाक्य एकसंध वाटावं म्हणून घालणारा ते बेमालूम जोडतो. आपलं पहिलं काम तो जोड उसवण्याचं.

वरच्या कोड्यात तो 'निषाद'नंतर आहे. ओळखायचं कसं? पहिल्या भागात क्रियापद जवळजवळ नाही. 'लागून', 'पुन्हा', 'मग', 'शेवटी' असे नुसते क्रमाचे शब्द आहेत. रिषभ, ज्योत, चहा, घास या वस्तूंचा एकमेकींशी काही संबंध नाही. जिथे वस्तूंना संबंध नसतो आणि क्रम मात्र काटेकोर असतो, तिथे तुकडे जोडायचे असतात. दुसऱ्या भागात भूतकाळ सुरू होतो: 'फुटलं होतं', 'हादरायची होती', 'चाल दिली'. तिथून काळ आणि ओळख.

पेन्सिलने तिथे एक आडवी रेघ मारा. यापुढे दोन्ही भाग वेगवेगळे सोडवायचे, जणू दोन माणसं दोन खोल्यांत बसली आहेत. सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. दुसऱ्या भागावरून एखादं गाणं सुचतं आणि मग पहिल्या भागातले तुकडे ओढूनताणून त्यात बसवले जातात.

काळाची खिडकी

मी बहुतेकदा काळापासून सुरू करतो, कारण तिथे आपल्या भागातल्या माणसाला फायदा आहे. काळाची खूण म्हणजे एक साल नव्हे, ती एक खिडकी असते. अलीकडची चौकट आणि पलीकडची चौकट शोधायची आणि गाणं मधे धरायचं.

पानशेतचं धरण १२ जुलै १९६१ ला फुटलं. कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७ चा. म्हणजे गाणं या साडेसहा वर्षांतलं. 'आपण म्हैसुरात होतो' हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. बेळगाव १ नोव्हेंबर १९५६ ला मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेलं आणि १ नोव्हेंबर १९७३ ला त्या राज्याचं नाव कर्नाटक झालं. ही सतरा वर्षांची खिडकी पहिल्या खिडकीला पोटात घेते, त्यामुळे काळ आणखी अरुंद होत नाही. मग ती खूण घातली कशाला? हा प्रश्न कागदाच्या कडेला लिहून ठेवा. कोड्यात फुकटचा शब्द नसतो आणि याचं उत्तर शेवटी मिळतं.

सीमाभागातल्या कोड्यांत अशा खुणा वारंवार येतात, म्हणून तीन तारखा मनात असाव्यात. 'जिल्हा मुंबईचा होता' म्हणजे १९५६ च्या आधीचं. 'म्हैसूरचा होता' म्हणजे १९५६ ते १९७३. आणि 'पाटीवर बेळगावी आलं' म्हणजे १ नोव्हेंबर २०१४ नंतरचं, कारण नाव अधिकृतपणे तेव्हा बदललं. उदाहरणार्थ 'नाच रे मोरा' १९५३ च्या 'देवबाप्पा'तलं, म्हणजे ते मुंबई राज्यातलं गाणं.

एकाच सालावर मात्र कधी अडून बसू नका. जुन्या चित्रपटांच्या याद्यांत एखाद्या वर्षाचा फरक सर्रास असतो. याच कोड्यातल्या चित्रपटासाठी कुठे १९६३ लिहिलेलं सापडतं, कुठे १९६४. शहाणा कोडं घालणारा म्हणूनच दोन घटनांच्या मधे गाणं ठेवतो, आणि सोडवणाऱ्यानेही कडेचं एकेक वर्ष सैल धरावं.

आता 'आनंदाच्या ढगाने चाल दिली'. ढग म्हणजे घन, चाल म्हणजे संगीत. आनंदघन. लता मंगेशकरांनी संगीतकार म्हणून घेतलेलं हे नाव. हे एकदा कळलं की पट फारच लहान होतो, कारण या नावाने संगीत दिलेले चित्रपट बोटावर मोजण्याएवढे आहेत: 'मोहित्यांची मंजुळा', 'मराठा तितुका मेळवावा', 'साधी माणसं' आणि 'तांबडी माती'. शेवटचा १९६९ चा, म्हणजे कोयना हादरल्यानंतरचा, तो गेला. उरले तीन. काळाच्या खुणेचं काम इतकंच असतं, ती गाळते. उत्तर ती देत नाही.

ऐरणीपाशी अडकलेली मंडळी

त्या संध्याकाळी आमच्या कट्ट्यावर पाचसहा जण होते. आनंदघन निघाल्याबरोबर एक तरुण पोरगा उठून उभाच राहिला. "काका, ऐरणीच्या देवा! पासष्टचं. खिडकीत बसतंय की!"

आणि खरोखरच बसत होतं. 'साधी माणसं' १९६५ चा. 'ऐरणीच्या' हा शब्द मोजा: ऐ, र, णी, च्या. चार अक्षरं. त्यात लोहाराची भट्टी, म्हणजे ज्योतही जुळली. शेवटी 'च्या', म्हणजे गावाकडचा चहाही जुळला. त्याने चिठ्ठी लिहायला घेतली होती.

शेजारी बसलेल्या म्हाताऱ्या अण्णांनी एवढंच विचारलं, "चार बसली रे, पण 'देवा'ला तिसरं अक्षर कुठनं आणतोस?"

देवा, दोन अक्षरं. कंसात तीन. पोरगा म्हणाला, "तुला धरू की. देवा तुला."

"मग कंसात चार, दोन, दोन असतं बघ."

हा प्रसंग मी मुद्दाम लिहितोय, कारण जवळजवळ बसणारं उत्तर हे चुकीच्या उत्तरापेक्षा जास्त घातक असतं. काळ जुळला, संगीतकार जुळला, पहिल्या शब्दाची लांबी जुळली, शेवटचं अक्षरसुद्धा जुळलं. पण 'रिषभाला लागून' हे शब्द तसेच लोंबकळत राहिले. 'ऐ'मध्ये रिषभ कुठे आहे? पुन्हा रिषभ कुठे आहे? आणि आपल्या मुलखाची सुई? ऐरणीवर सुई घडत नाही. कोड्यातला एक जरी शब्द वापराविना उरला, तरी उत्तर चुकलं असं धरायचं. दोन शब्द उरले तर चिठ्ठी फाडायची.

तुकडे जोडायला घ्या

आता पहिला भाग. इथे आधी सोपे दगड लावायचे, अवघड नंतर.

रिषभ म्हणजे सप्तकातला दुसरा स्वर, रे. निषाद म्हणजे सातवा, नी. सा, रे, ग, म, प, ध, नी ही सात अक्षरं गाण्याच्या कोड्यात सतत येतात, कारण घालणाऱ्याला एकेका अक्षराची चणचण असते आणि स्वर त्याला आयते मिळतात. पंचम दिसला की 'प', गंधार दिसला की 'ग', हे हाताला वळण पडलं पाहिजे.

चौकोनांत लिहा. पहिल्या शब्दाचं पहिलं अक्षर रे. दुसऱ्या शब्दाचं पहिलं अक्षर पुन्हा रे, शेवटचं नी. सातांतले तीन चौकोन भरले.

गावाकडचा चहा: चहा, चाय, च्या. आपल्याकडे 'च्या घेणार न्हवं?' असंच विचारतात. च्या, एक अक्षर. पहिल्या शब्दाच्या शेवटी ते बसवलं की दिसायला लागतं, की हा शब्द षष्ठीचा आहे, कुणाच्या तरी 'च्या'. मराठी गाण्यांच्या पहिल्या ओळीत असा शब्द फार येतो आणि घालणाऱ्यांना तो चहा फार प्रिय आहे. एकदा ओळखलात की पुढच्या दहा कोड्यांत उपयोगी पडेल.

उरली मैफलीतली ज्योत. चार चौकोनांतून रे आणि च्या वजा केले तर तिला दोन अक्षरं उरतात. दोन अक्षरी ज्योत: दिवा, वात, दीप, शमा. 'मैफलीतली' हा शब्द इथे नुसता नटवण्यासाठी आलेला नाही. देवघरातली असती तर वात असती. गझलेच्या मैफलीत फिरते ती शमा. रे, शमा, च्या. रेशमाच्या.

इथे बऱ्याच जणांना गाणं सुचून जातं. सुचलं तरी थांबायचं नाही, दुसरा शब्द जोडून बघायचा. रे आणि नी यांच्यामध्ये 'जुन्या वळणाचा अर्धा घास'. घास म्हणजे घा आणि स, अर्धा केला तर 'घा'. मग 'जुन्या वळणाचा' कशाला? १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी उच्चारात नसलेले अनुस्वार मराठीतून काढले. त्याआधी घास हा शब्द 'घांस' असा लिहीत. अर्धा केला तर 'घां'. रे, घां, नी. रेघांनी.

रेशमाच्या रेघांनी. चार आणि तीन.

'अर्धा' या शब्दाबद्दल एक सांगून ठेवतो. अर्धा शब्द सम अक्षरांचाच करता येतो. घांस, डाव, चारा अशा दोन अक्षरी शब्दांचा अर्धा भाग एक अक्षर. तीन अक्षरी शब्द अर्धा करायला सांगितला असेल तर एकतर तो शब्द तुम्ही चुकीचा धरलाय किंवा कोडं सदोष आहे. बहुतेक वेळा पहिलं कारण खरं निघतं.

उलट्या वाटेने पडताळा

उत्तर मिळालं, आता ते दुसऱ्या खोलीत नेऊन बघायचं. गाणं 'मराठा तितुका मेळवावा' या भालजी पेंढारकरांच्या चित्रपटातलं. शब्द शांता शेळक्यांचे, स्वर आशा भोसल्यांचा, संगीत आनंदघन. काळाच्या खिडकीत नीट बसतं. आणि आपल्या मुलखाची सुई? पहिल्या ओळीतल्या रेशीमरेघांनी जे काढलं जातं, त्याला त्याच कडव्यात कर्नाटकी कशिदा म्हटलंय.

त्या कट्ट्यावर हे सगळ्यात आधी ओळखलं ते एका आक्कांनी. त्यांना आनंदघन माहीत नव्हता. त्यांनी 'आपल्या मुलखाची सुई' एवढंच वाचलं आणि पदर पुढे केला. इरकली लुगडं होतं आणि त्यावर सुईने काढलेलं तुळशीवृंदावन. जवळून पाहिलं तर टाका उलटसुलट कुठेच कळत नव्हता, मागची बाजू पुढच्या बाजूसारखीच स्वच्छ. धारवाड-हुबळीकडे याला कसुती म्हणतात. धागे मोजून टाके घालतात, गाठ कुठे दिसू देत नाहीत. या टाक्याला गवंती म्हणतात, असं आक्का म्हणाल्या. "गाण्यातला कशिदा तो हाच की," म्हणून त्या ओळ गुणगुणायला लागल्या आणि अण्णांनी मान हलवली. गाण्याची ओळख आणि शब्दाची फोड दोन वेगवेगळ्या माणसांकडून एकाच उत्तरावर आली. एकट्याने सोडवतानाही हेच साधायचं असतं.

आता कडेला लिहून ठेवलेला प्रश्न. 'आपण म्हैसुरात होतो' ही खूण काळ अरुंद करत नव्हती, मग का घातली? एक माणूस म्हणाला होता, "गाण्यात कर्नाटकी आहे म्हणजे ते त्र्याहत्तरनंतरचं असणार. त्याआधी कर्नाटक कुठे होतं?" वरवर पटणारी गोष्ट, पण साफ चुकीची. राज्याला ते नाव १९७३ ला मिळालं, मुलखाला ते शतकानुशतकं होतं. गाणं आलं तेव्हा राज्य म्हैसूर होतं आणि कशिदा मात्र कर्नाटकी होता. घालणाऱ्याने ती खूण या चुकीचा रस्ता बंद करायला घातली होती. गावांची, नद्यांची, मुलखांची नावं सरकारी कागदापेक्षा जुनी असतात. त्यांच्यावरून काळ ठरवताना सरकारी तारीख लावू नका.

हाच हात दुसऱ्या कोड्यावर

दोन दिवसांनी आलेलं कोडं घ्या, भराभर सोडवू.

"ऐकतो तो, त्याला लागून अर्धा डाव, राणीचा धनी, पंडित, मग वर्गातला मठ्ठ, मग लोक नुसती ओढतात ती, शेवटी अर्धा चारा. राज्याला आजचं नाव मिळायला तीनेक वर्षं होती, तेव्हा चंद्रभागेकाठच्या देवाला शेजारची भाषा चिकटली. (३, २, ४)"

सांधा 'चारा'नंतर. १९७३ तून तीन वजा, म्हणजे १९७० च्या आसपास. चंद्रभागेकाठचा देव विठोबा, शेजारची भाषा कानडी. इथे बरेच जण 'कानडाऊ विठ्ठलु' असं ध्रुपद असलेल्या ज्ञानेश्वरांच्या अभंगाकडे धावले. मोजा: का, न, डा, ऊ. चार. कंसात पहिला शब्द तीनचा. दार बंद.

तुकडे: ऐकतो तो कान. डाव अर्धा, डा. कानडा. राणीचा धनी राजा. पंडित थोडक्यात लिहितात ते पं. वर्गातला मठ्ठ म्हणजे ढ. लोक दुसऱ्याची नुसती ओढतात ती री. चारा अर्धा, चा. पं, ढ, री, चा. कानडा राजा पंढरीचा. 'झाला महार पंढरीनाथ' हा चित्रपट १९७० चा. गीत माडगूळकरांचं, संगीत सुधीर फडक्यांचं, आणि स्वरांत स्वतः फडके आणि वसंतराव देशपांडे आहेत.

'पं'पाठोपाठ 'ढ' आणायला मिळणं ही कोडं घालणाऱ्याला लागलेली लॉटरी आहे. असा तुकडा दिसला की तो बरोबर असण्याची शक्यता फार. घालणारा उत्तर आधी निवडतो आणि त्यातली अशी जागा सापडली म्हणूनच ते गाणं घेतो. म्हणून सोडवताना मी सर्वांत विचित्र दिसणाऱ्या तुकड्याकडे आधी जातो.

कोडं सदोष असेल तर

तसंही होतं, आणि ते ओळखता येणं उपयोगाचं असतं, कारण त्यापायी तास तास जातात.

पहिला दोष पुढे आणि मागे यांचा. 'रिषभापुढे ज्योत' असं लिहिलं तर ज्योत रिषभाच्या आधी की नंतर? ओळीत लिहिताना 'पुढे' म्हणजे नंतरचं. पण रांगेत जो पुढे उभा तो आधीचा. मराठीत दोन्ही अर्थ तितकेच खरे आहेत. कोड्यात पुढे किंवा मागे दिसलं की दोन्ही क्रम लावून बघायचे. 'लागून', 'नंतर', 'शेवटी' असे शब्द असतील तर ही भानगड येत नाही.

दुसरा दोष खास आमच्या भागातला. आमच्याकडे कोड्यात कानडी शब्द चालतात आणि चालायलाच हवेत, कारण इथल्या माणसाच्या तोंडात दोन्ही भाषा असतात. 'कानडी पाऊस' म्हणजे मळे, आणि मराठीत मळे म्हणजे शेतं. 'कानडी घर' म्हणजे मने. मराठीत तीच अक्षरं मनाचं अनेकवचन होतात. असे शब्द अक्षर न अक्षर जुळतात म्हणून ते चोख आहेत. पण एका वर्षी 'केतकीच्या बनी' या उत्तरासाठी दुसऱ्या शब्दाला 'कानडीत या' अशी खूण दिली होती. कानडीत 'या' म्हणजे बन्नी. कानाला बनीच्या जवळ, पण कागदावर 'न्नी' जोडाक्षर आहे आणि उत्तरात नाही. आमच्या गटाने बन्नी धरून पाऊण तास घालवला. आवाजावर खेळ करायचा असेल तर 'ऐकू येतं तसं' किंवा 'उच्चारात' असा शब्द कोड्यात असायलाच हवा. तो नसेल तर अक्षरं तंतोतंत जुळली पाहिजेत, आणि हे बोलून दाखवायला संकोच करू नये.

तिसरा दोष काळाची खूण शब्दाच्या फोडीत मिसळण्याचा. हा नेहमीच दोष नसतो. 'शुक्रतारा मंद वारा'साठी कुणीतरी लिहिलं होतं, "शुक्रवारचा वार चुकला, टपाल कचेरीतून आता जात नाहीत त्या लागल्या". शुक्रवारातून वार काढला, शुक्र. टपाल कचेरीतून जात नाहीत त्या तारा, कारण तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली. फोड उत्तम. पण 'आता जात नाहीत' वाचून दोघातिघांनी २०१३ नंतरची गाणी शोधायला घेतली आणि गाणं मात्र साठच्या दशकातलं. म्हणून काळाची खूण दिसली की आधी विचारायचं, ती सांध्याच्या कुठल्या बाजूला आहे. फोडीच्या बाजूला असेल तर ती त्या तुकड्यापुरतीच, गाण्याच्या वयाशी तिचा संबंध नाही.

चिठ्ठी कशी लिहायची

नुसतं गाण्याचं नाव लिहून टाकू नका. नावाखाली एका ओळीत फोड लिहा: रे + शमा + च्या, रे + घां + नी. लिहिताना एखादा तुकडा हातातून निसटत असेल तर तो तिथेच कळतो, डब्यात टाकण्याआधी. त्या संध्याकाळी ऐरणवाल्या पोराने ही ओळ लिहायला घेतली असती तर पहिल्याच अक्षराला थांबला असता. दुसऱ्या ओळीत काळाची खिडकी लिहा, दोन साल आणि मधे उत्तर. तिसरीत, कोड्यातले जे शब्द कुठेच लागले नाहीत ते. ही तिसरी ओळ कोरी राहिली की मगच चिठ्ठी दुमडायची.

नऊ वाजून गेल्यावर आक्कांनी आमची चिठ्ठी वाचून पाहिली. तिसरी ओळ कोरी होती. त्यांनी ती दुमडली आणि पोराच्या हातात दिली, डब्यात टाकायला.